देवक उठवायचं राहिलं

शनिवारी पहाटे पाच वाजता मुलगा आणि सून टॅक्सीने पुणे विमानतळाकडे निघाले. गल्लीच्या वळणावर गाडीचे लाल दिवे दिसेनासे झाले तशी मी घरात आले, दूध झाकलं आणि सवयीने लग्नाची वही उघडली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची वही. पहिल्या पानावर गेल्या वर्षीच्या मार्चमधली नोंद: 'हॉल – तारखा विचारणे.' आणि शेवटची नोंद: 'टॅक्सी – पहाटे ५ – ॲडव्हान्स दिला.' तिच्यापुढे बरोबरची खूण केली. त्याखाली काही लिहिलेलं नव्हतं. मी पेन उघडं धरून तशीच बसून राहिले.

चौदा महिन्यांत त्या वहीने मला एकही दिवस रिकामा दिला नव्हता. मी बँकेतून निवृत्त झाले आणि तीन आठवड्यांत मुलाचं लग्न ठरलं, त्यामुळे निवृत्ती म्हणजे काय हे कळायला सवडच मिळाली नाही. पत्रिकेचा मजकूर, आचारी, बस्ता, मानपान, पाहुण्यांना उतरायला शेजाऱ्यांच्या दोन खोल्या, कोणाला अळणी आणि कोणाला कांदालसूण नको. रात्री तीनला जाग येऊन 'अंतरपाट कोणाकडे आहे?' असं वाटायचं आणि मी मोबाइलच्या उजेडात लिहून ठेवायची. हे म्हणायचे, 'अगं, झोप. लग्न त्याचं आहे, तुझं नाही.'

त्या शनिवारी नऊच्या सुमारास माझी अर्धशिशी उठली. गेले चौदा महिने एकदाही उठली नव्हती! लग्नाच्या दिवशी पहाटे चारपासून उभी होते, दुपारी दोनला जेवले, ढोलताशाच्या शेजारी तासभर काढला, तेव्हा काही झालं नाही. आणि आता, घर शांत झाल्यावर, डाव्या डोळ्यामागे कोणी खिळा ठोकतंय असं. पडदे ओढून संध्याकाळपर्यंत पडून राहिले. माझी भाची मिरजेला डॉक्टर आहे. फोनवर तिने आधी विचारलं, 'मावशी, बीपीची गोळी लग्नाच्या गडबडीत चुकली का?' चुकली होती, चार दिवस. ती पुरेसं रागावली आणि मग म्हणाली की अर्धशिशीवाल्यांना ताण असताना नाही, ताण उतरताना दुखतं हे डॉक्टरांच्या जुन्या ओळखीचं आहे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अर्धशिशीच्या रुग्णांना रोज डायरी लिहायला लावून ते तपासलंही होतं, २०१४ साली तो अभ्यास छापून आला. ताण एकदम खाली आला की पुढच्या सहा तासांत अर्धशिशी उठण्याची शक्यता बरीच वाढलेली दिसली. अभ्यास लहानसा होता, पण मला तो पटला, कारण टॅक्सी पाचला गेली आणि खिळा नऊला ठोकला गेला.

डोकं दुसऱ्या दिवशी थांबलं. त्यानंतर जे सुरू झालं त्याला नाव देता येईना. दुःख म्हणावं तर कारण नाही. लग्न छान झालं, सून गुणी, व्याही समजूतदार, आचाऱ्याने जिलेबीत हात आखडता घेतला तेवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही. तरी दुपारी चारच्या सुमारास, चहा ठेवताना, पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं. टीव्ही लावला की आवाज नको वाटायचा, बंद केला की शांतता नको. कोणी फोनवर 'आता काय, सुटलात तुम्ही!' म्हटलं की मी 'हो ना' म्हणायची आणि फोन ठेवल्यावर ओट्याला टेकून उभी राहायची.

मुलीकडच्यांचं बरं असतं, असं मी एकदा मनातल्या मनात म्हटलं आणि स्वतःलाच दचकले. पण ते खरं आहे. मुलीच्या आईला रडायची जागा ठरवून दिलेली आहे. पाठवणीला ती रडली नाही तरच लोक कुजबुजतात. जात्यावरच्या ज्या ओव्या मी आजीकडून ऐकल्या त्यांत सासरी जाणारी लेक पावलोपावली आहे. वरमाईच्या वाट्याला मान येतो, ऐरणीचे दिवे डोक्यावर येतात, सूनमुख बघायचं असतं. तिला सगळं मिळालेलंच आहे, तेव्हा तिने रिकामं कशाबद्दल व्हायचं? आणि हल्ली तर सून घरात येते ती तीन सुटकेसा आणि परतीचं तिकीट घेऊन. आमची दोघं हैदराबादला राहणार, तिथेच दोघांच्या नोकऱ्या. मुलगा गेली सहा वर्षं तिकडेच आहे, म्हणजे तो गेला म्हणूनही रडता येईना. तो गेलेलाच होता.

मग गेलं काय?

भाचीने याचंही एक उत्तर दिलं. वुल्फ्राम शुल्त्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी तपासल्या. माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळाला की सुरुवातीला त्या पेशी उसळायच्या. मग रसाआधी एक दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला दिव्याची खूण पटली, तशी उसळी दिव्याकडे सरकली. दिवा लागला की पेशी जाग्या व्हायच्या आणि ठरलेला रस प्रत्यक्ष तोंडात पडला की विशेष काही नाही. मी तिला म्हटलं, 'म्हणजे मी माकड आणि लग्न म्हणजे रसाचा थेंब?' ती म्हणाली, 'आणि तुझी वही म्हणजे दिवा. रोज लागायचा.'

माकडाचा दाखला माणसाच्या लग्नाला सरसकट लावू नये हे मलाही कळतं. पण वहीचं तिने बरोबर सांगितलं. चौदा महिने मला आनंद लग्नाचा नव्हता, लग्न येणार असल्याचा होता. पैठणीची दुकानं पालथी घालणं, चार आचाऱ्यांकडची मसालेभाताची चव घेऊन भांडणं, यादीतल्या एकेका ओळीपुढे खूण करणं. लग्नाचा दिवस मला नीट आठवतसुद्धा नाही. मंगलाष्टकं चालू असताना मी अक्षता कमी पडतील का या चिंतेत होते.

आणि ते सगळं संपलं कसं, ते आठवतं. हॉल पाचला सोडायचा होता. पावणेपाचला माणसं खुर्च्या एकावर एक रचायला लागली, तेव्हा माझ्या चुलतसासूबाई त्यांतल्या एका खुर्चीवर पाय मोकळे करून बसल्या होत्या. स्टेजवरची फुलं ओढून पोत्यात भरली गेली. ती सजावट ठरवायला आम्ही तीन फेऱ्या मारल्या होत्या, ती उतरायला पाऊण तास लागला नाही. दुसऱ्या लग्नाची माणसं दारात उभी होती, त्यांच्या वरमाईच्या हातातही एक वही होती.

लग्न पाहावं करून म्हणतात, पण ते संपवावं कसं याची म्हण काही ऐकलेली नाही.

त्या आठवड्यात मी दोन चुका केल्या. पहिली म्हणजे 'एकदाचं आवरून टाकू' म्हणत रविवारी अर्धशिशीतून उठल्या उठल्या घर झपाट्याने आवरलं. आणलेली पातेली परत केली, गाद्या गाठोड्यात बांधल्या, दारावरचं तोरण काढलं, उरलेले लाडू मोलकरणीला आणि शेजारी वाटून टाकले. ह्यांनी त्याच संध्याकाळी सगळा हिशेब लॅपटॉपवर मांडला आणि विजयी मुद्रेने मला दाखवला. म्हणजे लग्नाचं म्हणून जे काही अजून करायला शिल्लक होतं तेही आम्ही दोघांनी एका दिवसात संपवून टाकलं. सोमवारी सकाळी उठले तर घर इतकं लख्ख होतं, की इथे लग्न झालं होतं याचा मागमूस नाही.

दुसरी चूक फोनची. रोज रात्री नऊला हैदराबादला. 'जेवलात का? काय केलं होतं?' ते दोघं सहलीला अंदमानात असतानाही मी नेम चुकवला नाही. मुलगा 'हो आई, हो आई' करायचा. एकदा मागून लाटांचा आवाज आला, तेव्हा मलाच लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी नऊ वाजले की हात पुन्हा फोनकडे.

सोमवारी दुपारी वाईहून आत्याबाईंचा फोन आला. ह्यांच्या आत्या, वय चौऱ्याऐंशी, कान तिखट आणि जीभही.

'देवक उठवलंस का गं?'

मी गप्प. देवघराच्या कोपऱ्यात सूप होतं, त्यात कलश, सुपाऱ्या, सूत गुंडाळलेली आंब्याची पानं. ज्याला झपाट्याने आवरताना मी हात लावला नव्हता अशी घरातली ती एकच गोष्ट. गुरुजींनी हॉलमध्ये विचारलं होतं, 'इथेच उठवून टाकू का? हल्ली सगळे तसंच करतात.' मी म्हटलं होतं, नको, घरी रीतसर चौथ्या दिवशी करू. मग सत्यनारायण, पाहुण्यांची परतीची गाडी, पाचव्या दिवशी जोडप्याला घेऊन जेजुरी. चौथा दिवस कुठे गेला कळलंच नाही.

'देवक बसलेलं ठेवून जेजुरी करून आलात?' आत्याबाईंनी सुस्कारा टाकला. मग बोटं मोजल्यासारखा आवाज. 'लग्न धरून आज नववा. विषम. उठवायचं ते सम दिवशी, सहावा सोडून. विषमात पाचवा नि सातवा चालतो. ते तर गेले. उद्या दहावा आहे. मी येते.'

'आत्या, तुम्ही कशाला, उन्हाचं...'

'एसटीला ऊन नसतं,' म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मंगळवारी त्या आल्या, गुरुजी आले. अर्ध्या तासाचं काम. ह्यांनी पूजा केली, सुपावर अक्षता वाहिल्या, गुरुजींनी विसर्जनाचा तो श्लोक म्हटला, यान्तु देवगणाः सर्वे. मी तो सत्यनारायणाला, गौरीला, कित्येकदा ऐकला असेल. शेवटचे शब्द 'पुनरागमनाय च' असे आहेत, याकडे त्या दिवशी लक्ष गेलं. जा म्हणतानाच परत यायला सांगायचं. कलश हलवला, पाणी घरभर शिंपडलं, उरलेलं पारिजातकाच्या आळ्यात ओतलं. वाळलेली पानंही तिथेच. सूप रिकामं झालं. मी ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि रडायला लागले. मोठ्याने. गुरुजी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर गेले.

आत्याबाईंनी थोपटलं वगैरे नाही. 'आता बरं झालं,' एवढंच म्हणाल्या. 'देव बसलेले असले की घर लग्नातच असतं. तुमचा हॉल पाचला सुटला असेल, घराला कोणी सांगितलं होतं?'

जेवताना त्यांनी स्वतःच्या लग्नाचं सांगितलं. पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीचं, दारच्या मांडवातलं. लग्न लागलं तरी मांडव उभाच. मग मांडवपरतणं, मग माहेरचा कोणी न्यायला येणार, चार दिवस राहून परत सासरी, मग पहिला सण, मग पुढचा. 'वर्षभर लग्नच चाललेलं असायचं बाई. कंटाळा यायचा. कंटाळा आला की संपलं म्हणायचं.' त्या काळातलं सगळंच काही सांभाळून ठेवावं असं नव्हतं हे त्यांनाही माहीत आहे, कारण माहेरहून न्यायला येणारं मूळ यायला उशीर झाला म्हणून मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडणारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी त्याच होत्या. पण लग्नाला उतार होता. आमच्या लग्नाला चौदा महिन्यांची चढण होती आणि उतरायला कडा.

गणपती गेल्यावर आपण पाट रिकामा ठेवत नाही हे मला तेव्हा आठवलं. माझ्या माहेरी विसर्जनाहून येताना नदीची मूठभर वाळू आणायचे, ती त्याच पाटावर ठेवायची, तिचीच आरती करायची, प्रसाद वाटायचा आणि मग सावकाश मखर काढायचं. लहानपणी मला ते गमतीदार वाटायचं, वाळूची कसली आरती! मूर्ती गेलेली असते आणि सवय गेलेली नसते, ती वाळू त्या सवयीसाठी असते.

निघताना आत्याबाईंनी मला कामं नेमून दिली. अगदी तशाच शब्दांत, 'नेमून देते.' आहेराची वही हाताने लिहायची, लॅपटॉपवर नाही, कोणी काय दिलं ते नावानिशी, उद्या त्यांच्याकडे कार्य निघालं की बघायला. आणि जे म्हातारे, आजारी लोक लग्नाला येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे लाडू घेऊन जायचं. 'फोन नाही. जायचं. आठवड्यात दोन घरं, जास्त नाही.'

'लाडू मी वाटून टाकले.'

'मग कर परत.'

केले. दोन किलो बेसनाचे. आणि ती घरं घेतली. पहिली आमच्या बँकेतल्या निवृत्त शिपाईमामांची, त्यांना अर्धांगवायूने अंथरुणाला खिळवलंय. त्यांना सगळं लग्न ऐकायचं होतं. वरात कुठून निघाली, जेवायला काय, नवरदेव रुसला का. मी सांगत गेले, आणि सांगताना मला स्वतःला लग्न पहिल्यांदा दिसलं. अक्षतांची चिंता करताना जे बघायचं राहिलं होतं ते. अंतरपाट सरकल्यावर सून हसली होती आणि माझा मुलगा इतका गोंधळला की हार तिच्या डोक्यावरून ओवाळल्यासारखा फिरवून परत खाली आणला होता. शिपाईमामा तोंडाचा एकच कोपरा हलवत खो खो हसले. घरी येताना लक्षात आलं, की चार वाजून गेले होते आणि पोटातला खड्डा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आला. तो काही एका फेरीत बुजला नाही. आहेराची वही मी दिवसाला एक पान अशीच लिहिली, अंगात आलं तरी दोन नाही. वाईट दिवस येत राहिले, पण त्यांच्यामधलं अंतर वाढत गेलं.

आमच्या शेजारचा मुलगा पुण्यात एमपीएससी करतो. मुख्य परीक्षा संपल्यावर तो दहा दिवस रोज सकाळी सातला अभ्यासिकेतच जाऊन बसायचा, समोर वर्तमानपत्र धरून, कारण महिन्याचे पैसे भरलेले होते आणि दुसरीकडे कुठे बसायचं ते सुचत नव्हतं. त्याची आई काळजीत होती. मी तिला म्हटलं, बसू दे. रोज अर्धा तास उशिरा जायला सांग फक्त.

आता मला ज्यासाठी हे लिहायचं होतं ते सांगते. त्यासाठी सुनेची परवानगी घेतली आहे.

लग्नाला तीन आठवडे होत आले होते. दुपारी चार वाजता तिचा फोन आला, मुलाच्या फोनवरून नाही, तिच्या. अशी ती आधी कधी एकटी बोलली नव्हती. इकडचं तिकडचं झालं आणि ती थांबली. मग म्हणाली, 'आई, तुम्हाला एक विचारू? रागावू नका. मला इथे कसंतरीच होतंय.'

माझ्या पोटात धस्स झालं. वरमाईच्या डोक्यात अशा वेळी काय काय येतं ते लिहीत नाही. मी विचारलं, 'कसंतरी म्हणजे?'

'म्हणजे काही झालेलं नाहीये. तो चांगला आहे. पण दुपारी, घरून काम असतं तेव्हा, रडू येतं. वर्षभर नुसतं लग्न, लग्न. मेंदी, ब्लाउज, फोटोग्राफर. आता सकाळी उठून काय करायचं कळत नाही. मला वाटतंय की... मी चूक तर नाही ना केली?'

शेवटचं वाक्य ती इतकं हळू बोलली की मी ते दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मी ओट्याजवळ उभी होते, चहाचं आधण उकळत होतं, घड्याळात चार. तिला म्हटलं, 'मला पण होतं. याच वेळेला.' पलीकडे काही क्षण काहीच आवाज नाही. मग, 'तुम्हाला? तुम्हाला का?'

मी तिला वहीचं सांगितलं. खिळ्याचं, देवकाचं, वाळूचं. आणि मग तिला प्रश्न विचारले, कारण तिच्या शेवटच्या वाक्याने मी घाबरले होते आणि उगाच 'होतं गं असं' म्हणून तिला गप्प करायचं नव्हतं. तो संध्याकाळी घरी आला की ते वाढतं का कमी होतं? कमी होतं, म्हणाली. त्याच्या एखाद्या बोलण्याने, वागण्याने सुरू होतं, का रिकाम्या वेळेने? रिकाम्या वेळेने. शनिवारी, दोघं घरात असताना? नसतं बहुतेक. त्याच्याबद्दल किंवा आमच्याबद्दल काही खुपतंय का, जे मला सांगायला अवघड आहे? असेल तर तुझ्या आईला सांग, पण मनात ठेवू नकोस. ती हसली, म्हणाली, 'तो ओला टॉवेल पलंगावर टाकतो.' ते मला पंचवीस वर्षांपासून खुपतंय, म्हटलं.

नव्या नवरीच्या बाबतीत हा घोटाळा फार सहज होतो असं मला आता वाटतं. पोकळी असते वाट बघणं संपल्याची, आणि समोर दिसतो तो नवरा, परकं स्वयंपाकघर आणि नवं आडनाव. मग दोष त्यांच्यावर जातो. मी माझ्या सासूबाईंवर ढकलला होता, लग्नानंतर पहिले दोन महिने. त्यांतला अर्धा त्यांचा होताही. उलटा घोटाळाही होतो, आणि तो जास्त वाईट. सासरी खरंच टोमणे असतात, पैशांची मागणी असते, धाक असतो, आणि सगळे 'लग्नानंतर होतं असं, रुळशील' म्हणून पांघरूण घालतात. म्हणून मी तिला इतकं खोदून विचारलं.

भाचीलाही विचारलं. तिने एक साधा हिशेब दिला: दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे मन उदास असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कामं अडत असतील, तर याला लग्नाचा शीण म्हणायचं नाही, डॉक्टर गाठायचा. जगणंच नको वाटलं तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. सुनेला तो नंबर मी पाठवला. तिने 'आई!!' असं दोन उद्गारचिन्हांचं उत्तर पाठवलं आणि नंबर सेव्ह केल्याचंही सांगितलं. तिची झोप, जेवण, काम ठीक होतं, शनिवार-रविवार हसतखेळत जात होते. तिलाही उतारच हवा होता.

तो आम्हाला अल्बममध्ये सापडला. फोटोग्राफरने पेनड्राइव्हमध्ये दोन हजार सातशे फोटो दिले होते. त्यांतले अल्बमसाठी दीडशे-दोनशे निवडून त्यांचे नंबर त्याला कळवायचे असतात. फोटोग्राफर सांगत होता की लोक हे करतच नाहीत, दोन-दोन वर्षं अल्बम अडकून राहतात. पहिल्या आठवड्यात मी ते सगळे फोटो रात्री एकटीने तीनदा सरकवत बसले होते आणि प्रत्येक वेळी जास्तच रिकामी झाले होते. आता आम्ही ठरवलं, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार, व्हिडिओ कॉल, एका वेळी शंभर फोटो, त्यांतले सहा-सातच ठेवायचे. माझा रात्री नऊचा फोन बंद. मुलाने दोन दिवसांनी विचारलं, 'आई, तुला बरं नाहीये का?'

शंभरातून सात ठेवायचे म्हणजे त्र्याण्णव टाकायचे. टाकताना भांडावं लागतं. तिच्या मावश्या विरुद्ध माझ्या नणंदा. केळवणाचा एक ठेवायचा का तीन. हळदीत तिच्या भावाने माझ्या मुलाच्या कानात हळद घातली ते चार फोटो सारखेच, तरी एकही सोडवेना. तिला जे माहीत नव्हतं ते मी सांगते, मला माहीत नव्हतं ते ती. सप्तपदीत तिच्या पायाला पेटका आला होता म्हणे, सातव्या पावलाला ती माझ्या मुलाला धरून उभी होती, आणि सगळ्यांना वाटलं काय प्रेम!

काल आम्ही सोळाव्या शंभरात होतो. एक फोटो आला, पानं वाढतानाचा. पुढे पंगतीची टोकं, आणि मागे खांबाला टेकून, एका खुर्चीत, पैठणीतली मी. तोंड अर्धं उघडं, एक चप्पल पायातून निसटलेली, मांडीवर लाल वही. गाढ झोपलेली. मला तर आठवतच नाही मी कधी बसले होते ते.

'हा नको गं बाई,' मी म्हटलं. 'पुढे जा.'

'चौदाशे… नाही, पंधराशे सदतीस,' ती नंबर लिहून घेत म्हणाली. 'हा पूर्ण पानभर.'